लाल एलईडीला कितीही व्होल्टेज दिले तरी तो निळा का होत नाही

प्रश्न : माझ्याकडे पारदर्शक कवचाचे दोन एलईडी आहेत. लाल एलईडी १.९ व्होल्टच्या आसपास चांगला उजळतो, निळ्याला मात्र जवळजवळ ३ व्होल्ट लागतात. मग लाल एलईडीलाच ३ व्होल्ट दिले तर त्याने निळा प्रकाश का देऊ नये? रंग बँड गॅपवर ठरतो असे वाचले आहे, पण तो नेमका कसा ठरतो? लाल आणि निळ्या रंगासाठी कोणते पदार्थ वापरतात, आणि एकाच पदार्थात दोन्ही का जमत नाही?

उत्तर : बाहेरून दिलेले व्होल्टेज रंग ठरवत नाही. इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, एकमेकांना भेटतील अशा जागी त्यांना पोहोचवणे एवढेच त्याचे काम असते, आणि भेट झाल्यावर किती ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडेल हे स्फटिकाच्या हाती असते. एलईडीच्या चाचणीचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि हा प्रश्न मला नव्या सहकाऱ्यांकडून वारंवार ऐकायला मिळाला आहे, म्हणून तो पायरीपायरीने सोडवतो.

अर्धवाहक स्फटिकात इलेक्ट्रॉनांना ऊर्जेचे दोन पट्टे उपलब्ध असतात. खालचा संयुजा पट्टा जवळजवळ भरलेला असतो, वरचा वहन पट्टा जवळजवळ रिकामा असतो, आणि या दोहोंच्या मधल्या भागात इलेक्ट्रॉनाला राहण्यासाठी एकही अवस्था नसते. या मधल्या रिकाम्या उंचीलाच बँड गॅप म्हणतात. डायोडमधून प्रवाह सोडला की एन बाजूकडून इलेक्ट्रॉन वहन पट्ट्यातून येतात आणि पी बाजूकडून होल, म्हणजे संयुजा पट्ट्यातील रिकाम्या जागा, येतात. समजा तुम्ही व्होल्टेज वाढवले आणि एखादा इलेक्ट्रॉन वहन पट्ट्याच्या तळापेक्षा बराच वर जाऊन पोहोचला, तरी ती जादा ऊर्जा त्याच्याजवळ टिकत नाही. स्फटिकातील अणूंच्या कंपनांना ती देऊन तो सुमारे एका पिकोसेकंदाच्या आसपास पट्ट्याच्या तळाशी उतरतो. होलबरोबर मीलन होऊन प्रकाश निघायला मात्र नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे हजारपट अधिक वेळ. त्यामुळे प्रकाश देण्याची वेळ येईपर्यंत जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉन तळाशी आणि सर्व होल संयुजा पट्ट्याच्या माथ्याशी जमलेले असतात, आणि फोटॉनची ऊर्जा त्या दोन कडांमधील अंतराइतकीच निघते.

ऊर्जा आणि तरंगलांबी यांचे नाते सरळ आहे. ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये आणि तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेतली तर ते असे लिहिता येते :

```
E (eV) = 1240 / λ (nm)
```

६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी १.९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्यासाठी २.७६. तुम्ही मोजलेली १.९ आणि ३ ही व्होल्टेजे याच आकड्यांच्या आसपास आहेत. बँड गॅपएवढी ऊर्जा मिळाल्याशिवाय इलेक्ट्रॉनांचा लोंढा मीलनाच्या जागी पोहोचत नाही, म्हणून व्होल्टेज त्या आकड्याच्या मागोमाग चालते. ते नेमके तेवढेच नसते. काही इलेक्ट्रॉन उष्णतेच्या मदतीने कमी व्होल्टेजवरही पोहोचतात, आणि उलट जोडांतील व थरांतील रोधामुळे थोडे व्होल्टेज वायाही जाते. महाविद्यालयीन प्रयोगात एलईडी ज्या व्होल्टेजला ‘लागला’ त्यावरून प्लांकचा स्थिरांक काढतात, तेव्हा उत्तरात येणारी चूक बहुधा याच दोन कारणांनी येते.

लाल एलईडीला मालिकेत रोध न जोडता सरळ ३ व्होल्ट दिले, तर प्रवाह झपाट्याने वाढतो आणि आतला स्फटिक तापतो. तापलेल्या स्फटिकात अणू अधिक हलतात, त्यांच्यातील अंतर किंचित वाढते आणि बँड गॅप आकसतो. म्हणजे रंग सरकलाच तर निळ्याकडे न सरकता अधिक गडद लालकडे सरकतो, तेज उतरते, आणि काही क्षणांत डायोड निकामी होतो. याच्या उलट, लाल किंवा पिवळा एलईडी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तर बँड गॅप वाढतो आणि पिवळ्याची छटा हिरव्याकडे गेलेली डोळ्यांनी दिसते. व्होल्टेजने न बदलणारा रंग तापमानाने बदलतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मी पाहिलेला नाही.

आता बँड गॅप पदार्थानुसार का बदलतो ते पाहू, कारण पदार्थांची निवड त्यातूनच समजते. शेजारच्या अणूंमधील बंध जितका आखूड आणि घट्ट, तितके बंधातील इलेक्ट्रॉनाला मोकळे करणे महाग पडते, आणि बँड गॅप तितका मोठा असतो. गॅलियमचा जोडीदार बदलत गेलात तर हे सहज दिसते : अँटिमनीबरोबर सुमारे ०.७३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आर्सेनिकबरोबर १.४२, फॉस्फरसबरोबर २.२६ आणि नायट्रोजनबरोबर ३.४. जोडीदार अणू लहान होत जातो, बंध आखूड होतो आणि आकडा चढत जातो. यांतील गॅलियम आर्सेनाइडचा प्रकाश ८७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात येतो, तर गॅलियम नायट्राइडचा ३६५ नॅनोमीटरला, म्हणजे अतिनीलात. लाल आणि निळा हे दोन्ही रंग या दोन पदार्थांच्या मधे येतात, म्हणून दोन्हींसाठी मिश्र स्फटिक करावे लागतात.

येथे गॅलियम फॉस्फाइडकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की २.२६ म्हणजे ५५० नॅनोमीटर, तर हिरवा रंग आयता मिळाला. तसे होत नाही, आणि याचे कारण समजल्याशिवाय पदार्थांची निवड समजणार नाही. इलेक्ट्रॉनाला ऊर्जेबरोबर संवेगही असतो आणि मीलनात दोन्हींचा हिशेब जुळावा लागतो. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनचा संवेग स्फटिकातील इलेक्ट्रॉनांच्या संवेगाच्या तुलनेत शेकडोपटींनी लहान असतो, म्हणून फोटॉन ऊर्जा घेऊन जाऊ शकतो, संवेग मात्र जवळजवळ नेऊ शकत नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये वहन पट्ट्याचा तळ आणि संयुजा पट्ट्याचा माथा एकाच संवेगाला येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरतो आणि फोटॉन निघतो. अशा बँड गॅपला प्रत्यक्ष म्हणतात. गॅलियम फॉस्फाइडमध्ये आणि सिलिकॉनमध्ये तळ बाजूला सरकलेला असतो, आणि उतरण्यासाठी स्फटिकाच्या कंपनाची मदत त्याच क्षणी मिळावी लागते. ही जुळणी क्वचितच होते. तोपर्यंत इलेक्ट्रॉन एखाद्या दोषापाशी अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. सिलिकॉनचे एलईडी बाजारात का नाहीत, याचे उत्तर हेच आहे. शिवाय त्याचा १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅप अवरक्तातच पडतो.

लाल रंगाचा इतिहास १९६२ सालापासून सांगता येतो. त्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइडमधील काही आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस घालून दृश्य लाल प्रकाश मिळवला. मात्र या मिश्र स्फटिकाचा थर गॅलियम आर्सेनाइडच्या ज्या चकतीवर वाढवतात, तिच्या अणू-अंतराशी त्याचे अणू-अंतर जुळत नाही. थर वाढत जातो तसा ताण साचतो, शेवटी रांगा तुटतात आणि प्रत्येक तुटीजवळ प्रकाश वाया जातो. जुन्या कॅल्क्युलेटरांतील आणि घड्याळांतील मंद लाल आकडे याच पदार्थाचे होते.

आज तुमच्या हातातील चमकदार लाल एलईडी बहुतेक ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरस या चार मूलद्रव्यांच्या मिश्र स्फटिकाचा असतो. याची रचना मला नेहमीच फार सुंदर वाटत आली आहे. गॅलियम फॉस्फाइडच्या स्फटिकाची एकक-लांबी, म्हणजे ज्या अंतरानंतर अणूंची मांडणी पुन्हा तशीच येते ते अंतर, ५.४५ अँगस्ट्रॉम आहे, इंडियम फॉस्फाइडची ५.८७, आणि आपल्याला चकती हवी आहे गॅलियम आर्सेनाइडची, जिची लांबी ५.६५ आहे. पहिल्या दोघांना साधारण निम्मे-निम्मे मिसळले, अधिक काटेकोरपणे इंडियम ४८ टक्के ठेवले, तर मिश्रणाची लांबी चकतीशी तंतोतंत जुळते. याचा बँड गॅप सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो आणि तो प्रत्यक्ष असतो, म्हणजे गडद लाल रंग आधीच हातात आला. आता ॲल्युमिनियम फॉस्फाइडची लांबी गॅलियम फॉस्फाइडच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे इंडियमचे प्रमाण न हलवता गॅलियमच्या जागी ॲल्युमिनियम घालत गेलो तर लांबी जुळलेलीच राहते आणि बँड गॅप तेवढा वाढत जातो. गॅलियम आणि ॲल्युमिनियम या दोघांच्या वाट्यात ॲल्युमिनियमचा भाग x धरला, तर व्यवहारात हे सूत्र पुरते :

```
Eg = 1.91 + 0.61 x   (eV)
```

६२० नॅनोमीटरचा लाल हवा असेल तर ऊर्जा २.०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागते आणि x सुमारे ०.१५ येतो. ५९० नॅनोमीटरच्या अंबर रंगाला २.१० लागतात आणि x ०.३१ होतो. येथपर्यंत सर्व सुरळीत चालते. x निम्म्याच्या जरा पुढे गेला की बाजूच्या संवेगाला असलेला वहन पट्ट्याचा दुसरा तळ मुख्य तळाच्या खाली येतो आणि बँड गॅप अप्रत्यक्ष होतो. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधीपासून इलेक्ट्रॉन त्या दुसऱ्या तळात सांडू लागतात. ५७० नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्यासाठी x ०.४३ लागतो, आणि तेथे तेज लालच्या तुलनेत कितीतरी खाली गेलेले असते. शुद्ध ॲल्युमिनियम फॉस्फाइडपर्यंत गेलात तरी गॅप २.४५ च्या आसपास थांबतो आणि तोही अप्रत्यक्षच असतो, तर निळ्याला २.७६ हवेत. या कुळात निळा का जमत नाही, याचे उत्तर येथेच मिळते : ती उंची त्यांच्याजवळ नाही.

लाल एलईडीची आणखी एक अडचण बँड गॅपमधूनच उगवते. चकतीच्या गॅलियम आर्सेनाइडचा गॅप १.४२ आहे आणि लाल फोटॉनची ऊर्जा त्याहून जास्त आहे, म्हणून खाली जाणारा सगळा प्रकाश चकती गिळते. यावर उपाय म्हणून थर वाढवून झाल्यावर मूळ चकती विरघळवून काढतात आणि त्यांना गॅलियम फॉस्फाइडच्या चकतीवर किंवा आरशासारख्या धातूच्या थरावर चिकटवतात. ज्या गॅलियम फॉस्फाइडला आपण प्रकाश देण्यासाठी नाकारले, तेच येथे उपयोगी पडते, कारण २.२६ चा गॅप लाल फोटॉनाला शोषू शकत नाही आणि ते लाल प्रकाशाला काचेसारखे पारदर्शक ठरते.

निळ्या रंगाची गोष्ट अधिक कष्टाची आहे. कागदावर पाहिले तर झिंक सेलेनाइड हा आदर्श उमेदवार होता : गॅप सुमारे २.७, प्रत्यक्ष, आणि एकक-लांबी गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीशी बरीच जुळणारी. परंतु त्याचे बंध नाजूक असतात, आणि प्रवाह चालू असताना स्फटिकातील मूठभर दोष वाढत जाऊन प्रकाश विझत जातो. सिलिकॉन कार्बाइडचे निळे एलईडी विकले जात होते, पण त्याचा गॅप अप्रत्यक्ष असल्याने ते अतिशय मंद होते. गॅलियम नायट्राइडचा बंध दणकट होता आणि गॅप प्रत्यक्ष होता. अडचणी वेगळ्याच होत्या : त्याला जुळणारी स्वस्त चकती नव्हती आणि त्याचा होल पुरवणारा पी प्रकार कोणालाच करता येत नव्हता.

नीलमणी, म्हणजे कृत्रिम सफायर, या चकतीशी त्याचे अणू-अंतर सुमारे १६ टक्क्यांनी जुळत नाही. इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी नागोया येथे १९८६ साली कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर आधी बसवून त्यावर गुळगुळीत स्फटिक वाढवून दाखवला. पी प्रकारासाठी मॅग्नेशियम घातले तरी होल मिळत नसत. १९८९ मध्ये त्यांच्याच गटाला असे आढळले की असा नमुना इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली ठेवला की तो पी प्रकारचा होतो. पुढे शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत काम करताना नुसते तापवूनही तेच साधते हे दाखवले आणि कारणही उलगडले : वाढीच्या वेळी वायूंतून आलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निष्क्रिय करत होता, आणि उष्णतेने तो निघून जात होता. १९९३ च्या अखेरीस झगझगीत निळा एलईडी बाजारात आला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

शुद्ध गॅलियम नायट्राइड ३.४ ला अतिनीलात प्रकाश देते, म्हणून प्रकाश देणाऱ्या पातळ थरात इंडियम मिसळून गॅप खाली आणतात. गॅलियम नायट्राइड आणि इंडियम नायट्राइड या दोन टोकांच्या मधे गॅप सरळ रेषेत न उतरता थोडा खाली झुकतो. ते झुकणे धरून, आणि येथे x हा इंडियमचा भाग धरून, हिशेब असा होतो :

```
Eg = 3.42 (1-x) + 0.70 x - 1.4 x (1-x)   (eV)
```

२.७५ साठी हे सोडवले की x सुमारे ०.१७ येतो, म्हणजे निळ्यासाठी गॅलियमच्या सहापैकी एका अणूच्या जागी इंडियम पुरते. प्रत्यक्ष थर दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि त्याच्या जाडीमुळे व स्फटिकातील अंगभूत विद्युतक्षेत्रामुळे तरंगलांबी थोडी इकडेतिकडे सरकते, म्हणून हा आकडा सुरुवातीचा अंदाज समजावा. एक सावधगिरी आवर्जून सांगतो : जुन्या तक्त्यांत इंडियम नायट्राइडचा गॅप १.९ दिलेला आढळेल. तो २००२ च्या सुमारास चुकीचा ठरला आणि आज ०.७ च्या आसपासचा आकडा मानतात. जुना आकडा घातलात तर इंडियमचे प्रमाण चुकीचे येईल.

या पदार्थाच्या उत्पादनातील नाजूक जागा इंडियमच आहे. गॅलियम नायट्राइड १००० अंश सेल्सिअसच्या वर वाढवतात, पण त्या तापमानाला इंडियम टिकत नाही, म्हणून हा थर ७०० ते ८०० अंशांच्या दरम्यान वाढवावा लागतो. तेथे एका अंशाचा फरक पडला तरी तरंगलांबी साधारण १ ते २ नॅनोमीटरने सरकते. मी चाचणी करत असताना एकदा एका चकतीच्या कडेचे डायोड मधल्यांपेक्षा हिरवट दिसले. प्रथम आम्ही मोजमापाच्या यंत्रावर संशय घेतला. तरंगलांबीचा नकाशा काढल्यावर फरक मध्यापासून कडेपर्यंत वर्तुळाकार रीतीने वाढत गेलेला दिसला. यंत्राची चूक असती तर ती अशी चकतीच्या आकाराला धरून राहिली नसती. चकती उष्णतेने किंचित वाकून तिची कड तव्यापासून उचलली गेली होती, कडेचे तापमान थोडे कमी राहिले होते आणि तेथे इंडियम जास्त बसले होते. एकाच जातीचे एलईडी तरंगलांबीनुसार गटांत वेगळे करून विकतात, त्यामागे हेच कारण असते.

आता नायट्राइड कुळातच लाल का करू नये, हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. उंचीच्या दृष्टीने अडचण नाही. वरच्या सूत्रात २.०० घातले की x ०.४० येतो, आणि अंगभूत विद्युतक्षेत्रामुळे प्रत्यक्षात त्याहून काहीसे कमी इंडियम पुरते. पण इंडियम नायट्राइडचे अणू-अंतर गॅलियम नायट्राइडपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी मोठे असल्याने एवढे इंडियम कोंबले की थर ताणाखाली येतो, इंडियम ठिकठिकाणी गोळा होते, वाढीचे तापमान आणखी खाली आणावे लागते आणि दोष वाढतात. त्याशिवाय ताणातून उपजणारे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना थराच्या एका बाजूला आणि होलना दुसऱ्या बाजूला ओढते, त्यामुळे त्यांची भेटच कमी होते. अगदी सूक्ष्म पडद्यांसाठी तीन्ही रंग एकाच कुळात मिळावेत म्हणून असे लाल एलईडी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. नेहमीच्या वापरासाठी मात्र लालला फॉस्फाइड आणि निळ्याला नायट्राइड, हीच निवड मी आजही सांगेन. दोहोंच्या मधला शुद्ध हिरवा आणि पिवळा हा भाग दोन्ही कुळांना अवघड जातो, कारण एकाला तेथे अप्रत्यक्षपणा आडवा येतो आणि दुसऱ्याला इंडियम.

तुमच्याजवळ पारदर्शक कवचाचे दोन एलईडी आहेतच, तेव्हा बँड गॅपचा पुरावा टेबलावरच पाहता येईल. दोन्ही एलईडी समांतर जोडून एकाच सामाईक रोधातून ५ व्होल्ट द्या. लाल उजळेल आणि निळा अंधारात राहील, कारण लाल एलईडी टोकांमधील व्होल्टेज २ च्या आसपास धरून ठेवतो आणि निळ्याला ते पुरत नाही. नंतर लाल एलईडी सुटा करून त्याची टोके डिजिटल मल्टिमीटरला व्होल्टच्या मापावर जोडा आणि उजळलेला निळा एलईडी त्याच्या तोंडाशी अगदी जवळ धरा. मीटरवर एक व्होल्टच्या वरचे व्होल्टेज सहज दिसेल, कारण २.७६ चा फोटॉन १.९७ च्या गॅपवरून इलेक्ट्रॉन उचलू शकतो. मग अदलाबदल करा : निळा एलईडी मीटरला आणि लाल त्याच्या तोंडाशी. आता लाल एलईडी कितीही तेजस्वी असला तरी मीटर जवळजवळ शून्यावर राहील. खोलीतील ट्यूबलाइटचा किंवा खिडकीचा उजेड मात्र आधी झाकून घ्या, कारण त्यात निळ्या रंगाचा अंश असतो आणि तो निळ्या एलईडीवर पडला की खोटे व्होल्टेज दिसते.